थकवा नेमका किती गुणांचा? विश्रांती, सलग रात्री आणि प्रवास: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, मॉडेलमधलं विश्रांतीचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं आहे. मॉडेलचा गाभा साधा आहे. दोन्ही संघांच्या रेटिंगमधला फरक घ्यायचा, त्यात यजमानपणाचा फायदा मिळवायचा, की अपेक्षित गुणफरक हातात येतो. तोच आपला स्प्रेड, म्हणजे बुकमेकर ज्यावर पैजा घेतात तो गुणफरक. सध्या त्यावर एक ओबडधोबड नियम चिकटवलेला आहे: संघ सलग दुसऱ्या रात्री खेळत असेल तर ठरावीक गुण वजा. हा नियम चुकतो असं नाही, पण त्या एका आकड्यात काय काय भरलंय ते कळत नाही.

प्रत्येक संघाला साडेपाच-सहा महिन्यांत ८२ सामने उरकायचे असतात, म्हणजे सरासरी दोन दिवसांना एक. सलग रात्री त्यामुळे टळतच नाहीत. २०१४-१५ मध्ये एका संघाच्या वाट्याला अशा जोड्या सरासरी १९ हून थोड्या जास्त येत. अलीकडे त्या १४-१५ च्या आसपास असतात.

पहिली अडचण लगेच दिसते. जोडीतला दुसरा सामना बहुधा परगावी असतो. दुसऱ्या रात्री खेळणारे संघ जास्त हरतात, हे खरंच आहे. पण त्यातले बरेचसे संघ पाहुणे म्हणून खेळत असतात आणि पाहुणे तसेही जास्त हरतात. नुसती सरासरी काढली तर यजमानाचा फायदाच थकव्याच्या नावावर जमा होतो. उलट दिशेनेही हेच घडतं. एन्टीन आणि स्मॉल यांनी २००८ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता: यजमानाच्या फायद्यात पाहुण्यांच्या अपुऱ्या विश्रांतीचा वाटा किती? उत्तर असं, की वाटा आहे, दखल घेण्याजोगा आहे, पण तो मुख्य नाही. म्हणून विश्रांती आणि यजमानपण या दोन गोष्टी एकाच रिग्रेशनमध्ये सोबतच मोजायला हव्यात. एक आधी मोजून मग उरलेल्यावर दुसरी चढवली, की जी आधी मोजली तिच्याकडे दोघींचा माल जातो.

९ ऑगस्ट

आज फक्त तारखा. विश्रांतीचे दिवस मोजणं म्हणजे दोन तारखांची वजाबाकी, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण डेटातल्या सामन्यांच्या वेळा यूटीसीमध्ये आहेत आणि सगळी गंमत तिथेच आहे.

हिवाळ्यात न्यूयॉर्कची वेळ यूटीसीच्या पाच तास मागे असते. शनिवारी रात्री ८ चा सामना यूटीसीत रविवारी पहाटे १ ला पडतो. त्याच संघाचा रविवारी दुपारी साडेतीनचा सामना यूटीसीतही रविवारीच. दोन्ही सामन्यांची तारीख एकच, म्हणजे विश्रांती वजा एक दिवस! हे निदान डोळ्यांत खुपतं तरी. खरी लबाडी उलट्या जोडीत आहे. शनिवारी दुपारी १ चा सामना शनिवारीच राहतो आणि रविवारी संध्याकाळी ७ चा सामना सोमवारच्या शून्य तासाला जातो. मग सलग दोन दिवसांची जोडी एका दिवसाची विश्रांती म्हणून नोंदली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. थकलेले संघ ताज्या संघांच्या गटात मिसळले, की परिणाम आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

म्हणून आधी सगळ्या वेळा न्यूयॉर्कच्या केल्या. लॉस एंजेलिसचा रात्री साडेदहाचा (तिथल्या साडेसातचा) सामनाही त्याच तारखेत राहतो, त्यामुळे एकच घड्याळ सगळ्यांना पुरतं.

```python
ny = g["tip_utc"].dt.tz_convert("America/New_York")
g["d"] = ny.dt.tz_localize(None).dt.normalize()
g = g.sort_values(["season", "team", "d"])
gap = g.groupby(["season", "team"])["d"].diff().dt.days
g["rest"] = (gap - 1).fillna(3).clip(upper=3)
```

दुसऱ्या ओळीतलं `tz_localize(None)` शोभेसाठी नाही. मार्चमध्ये ज्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्या दिवशी मध्यरात्र ते मध्यरात्र २३ तासच भरतात. टाइमझोन तसाच ठेवून वजाबाकी केली तर `.dt.days` त्याचा शून्य दिवस करतो आणि रविवार-सोमवारची जोडी पुन्हा वजा एक दाखवते. वर्षातून एकदाच होतं, पण अशाच वेळी मागून शोधत बसावं लागतं.

वरची मर्यादा ३ ठेवली आहे. हंगामाचा पहिला सामना किंवा ऑल-स्टार सुट्टीनंतरचा सामना आठवडाभराच्या किंवा महिन्यांच्या विश्रांतीनंतर येतो. म्हणून संघ तेवढा अधिक चांगला खेळतो, असं मानायला काही आधार नाही. खरा फरक शून्य दिवस आणि एक दिवस यांच्यात आहे. एकावरून दोनावर गेलं तर थोडंसं आणखी मिळतं, त्यापुढे जवळजवळ काहीच नाही.

१७ ऑगस्ट

वेळापत्रक भरून घेतलं. एक खुणेची गोष्ट: एनबीए कप सुरू झाल्यापासून ऑगस्टमध्ये प्रत्येक संघाचे ८० सामनेच जाहीर होतात. उरलेले दोन डिसेंबरात, कपच्या गटसाखळीचे निकाल लागल्यावर ठरतात. त्या आठवड्याची आणि लगेच नंतरची विश्रांती आत्ता काढलेली धरून चालणार नाही, तेव्हा पुन्हा मोजायची.

२३ ऑगस्ट

आज रिग्रेशन चालवण्याआधी कागदावरच गणित करून पाहिलं: हा परिणाम किती बारीक नजरेने दिसू शकतो?

एनबीएचा निकाल स्प्रेडपासून साधारण १२ गुणांच्या प्रमाण विचलनाने इकडेतिकडे पडतो. एका हंगामात १२३० सामने. त्यातले ज्यांत पाहुणे दुसऱ्या रात्री आहेत आणि यजमान ताजे आहेत, असे समजा २५० निघाले. १२ ला २५० च्या वर्गमुळाने भागलं तर प्रमाण त्रुटी पाऊण गुण येते. म्हणजे ९५ टक्के खात्रीची पट्टी दोन्ही बाजूंना दीड-दीड गुणाची. आणि आपण जे मोजायला निघालोय तेच मुळी एक ते दोन गुणांचं आहे. एका हंगामात थकवा शून्य गुणांचा निघाला काय किंवा तीन गुणांचा निघाला काय, दोन्हीत नवल नाही. दरवर्षी जानेवारीत कुणीतरी ‘यंदा दुसऱ्या रात्रीचे संघ स्प्रेड पार करताहेत’ असा शोध लावतं, त्याचं मूळ इथे आहे.

दहा हंगाम एकत्र केले की त्रुटी पाव गुणाच्या खाली येते, तेवढी पुरेशी आहे. पण दहा वर्षांपूर्वीची लीग आजची नव्हे. २०१७-१८ पासून हंगाम लवकर सुरू करून पाच रात्रींत चार सामने हा प्रकार वेळापत्रकातून काढून टाकला. त्याआधीचे ‘दुसऱ्या रात्री’चे बरेच संघ त्या रगड्यातले होते, आजचे तसे नाहीत. शिवाय खेळाडूंना मुद्दाम बसवण्याची पद्धतही बदलत गेली. म्हणजे जुना डेटा घेतला तर आकडा स्थिर येतो पण थोडा भलत्याच गोष्टीचा येतो, नवा घेतला तर बरोबर गोष्टीचा पण डळमळीत.

मधला मार्ग घेतला. २०१७-१८ पासूनचे हंगाम पूर्ण वजनाने, त्याआधीचे कमी वजनाने. २०२० च्या उन्हाळ्यात ऑर्लँडोच्या बबलमध्ये झालेले सामने पूर्ण बाहेर. तिथे ना प्रवास होता, ना यजमान, ना प्रेक्षक. २०२०-२१ चा ७२ सामन्यांचा हंगाम ठेवला, पण त्यावर खूण केली. त्या वर्षी प्रवास कमी करण्यासाठी तेच दोन संघ त्याच मैदानावर लागोपाठ दोनदा खेळवले जात. दुसऱ्या सामन्यात दोघेही सारखेच थकलेले, पण विमान कुणीच पकडलेलं नाही. प्रवास आणि सलग खेळणं या दोन गोष्टी वेगळ्या पाडायला असे सामने फार उपयोगी आहेत.

३१ ऑगस्ट

आता खरा गुंता. दुसऱ्या रात्री संघ कमकुवत पडतो, तो पाय जड झाल्यामुळे की मुख्य खेळाडू बाकावर असल्यामुळे?

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २९ नोव्हेंबर २०१२ चं. सॅन अँटोनियो स्पर्सनी मायामीतल्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चौघांना सरळ घरी पाठवून दिलं. लांबलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा सामना होता आणि पाच रात्रींतला चौथा. लीगने स्पर्सना अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. सामना मायामीने जिंकला, पण १०५-१०० असा. आपल्या डेटामध्ये हा सामना काय म्हणून नोंदला जातो? ‘पाहुणे, विश्रांती शून्य, पाच गुणांनी पराभव.’ यात थकव्याचा भाग किती आणि चौघे नसण्याचा किती, हे त्या ओळीतून कधीच कळणार नाही.

म्हणून रिग्रेशन दोनदा करायचं. पहिल्यात फक्त रेटिंग, यजमानपण आणि विश्रांती. दुसऱ्यात त्यांच्याच जोडीला ‘त्या रात्री प्रत्यक्षात कोण खेळलं’ हे घालायचं: मुख्य खेळाडूंपैकी जे नव्हते त्यांच्या किमतीची गुणांतली बेरीज. पहिल्यातला सहगुणक दोन्ही गोष्टी मिळून सांगतो, दुसऱ्यातला फक्त जे खेळले त्यांच्या थकव्याचा. अपेक्षेप्रमाणे दुसरा लहान आला. दोघांमधली तफावत हाच ‘बसवण्याचा’ भाग.

यापैकी कोणता वापरायचा ते वेळेवर ठरतं. एनबीएचा नियम असा, की दुखापतींचा अहवाल आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यायचा. पण सलग जोडीतल्या दुसऱ्या सामन्यासाठी तो सामन्याच्याच दिवशी दुपारी १ पर्यंत दिला तरी चालतो. आदल्या रात्री खेळून झाल्यावरच कोण उठून खेळेल ते कळणार, म्हणून ही सवलत. भाव लावणाऱ्याच्या दृष्टीने दिवसाचे दोन तुकडे पडतात. दुपारच्या अहवालाआधी भावात ‘कोणी बसेल का’ याची शक्यता धरावी लागते. अहवालानंतर ती शक्यता काढून टाकून, जे झालं आहे ते घालायचं.

हा कोड तपासणाऱ्या मित्राला हे पटकन पटलं नाही. तो म्हणाला, ‘‘अरे, एवढा बारकावा कशाला? मोठा सहगुणक ठेव आणि दुखापतींची बेरीज वर चढव, फरक पडून पडून किती पडणार?’’ त्याला म्हटलं, एक सामना पूर्ण मांडून दाखवतो. तो पुढच्या नोंदीत. त्याआधी प्रवासाचं बघायला हवं.

८ सप्टेंबर

प्रवासासाठी सगळे दोन मैदानांमधलं हवाई अंतर मोजतात, कारण ते सहज मिळतं. मीही कॉलम केला. पण चार्टर विमानात बसलेल्या संघाला ३०० किलोमीटर आणि १३०० किलोमीटर यांच्यात फरक दीड तासाचाही पडत नाही. त्याहून जास्त फरक पडतो तो घड्याळात किती वाजता टेकलो याचा.

लॉस एंजेलिस ते डेन्व्हर ही जोडी घेऊ. लॉस एंजेलिसला सामना संध्याकाळी साडेसातला सुरू झाला की पावणेदहा-दहाला संपतो. आंघोळी, पत्रकार, फिजिओ, विमानतळापर्यंतची बस. विमान उडेपर्यंत साडेअकरा-बारा. उड्डाण दोन तासांचं, आणि डेन्व्हरचं घड्याळ एक तास पुढे. म्हणजे उतरायला अडीच-तीन, हॉटेलच्या खोलीत शिरायला साडेतीन. दुसऱ्या दिवशी डेन्व्हरच्या ७ ला सामना. दोन सामन्यांच्या सुरुवातींत २४ नव्हे, साडेबावीसच तास. पूर्वेकडे जाताना घड्याळ असं एक तास खातं, पश्चिमेकडे जाताना परत देतं. म्हणून डेन्व्हरहून लॉस एंजेलिसला गेलेला संघ तेवढंच अंतर कापूनही बऱ्या अवस्थेत उतरतो. किलोमीटरच्या कॉलमला या दोन प्रवासांतला फरक ठाऊकच नाही.

तेव्हा अंतराऐवजी दोन गोष्टी ठेवल्या: दोन सामन्यांच्या सुरुवातींमधले प्रत्यक्ष तास, आणि अंदाजे उतरण्याची वेळ रात्री २ नंतरची आहे की आधीची. दुसरा आकडा माझ्या गृहीतकांवर उभा आहे. काही संघ रात्र तिथेच काढून सकाळी निघतात आणि ते वेळापत्रकावरून कळत नाही. म्हणून त्याला मुद्दाम थोडं वजन दिलं आहे.

डेन्व्हरचा आणखी एक पेच आहे, उंची. शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. सॉल्ट लेक सिटी १३०० च्या जवळपास. ‘दुसरी रात्र अधिक उंची’ असा वेगळा सहगुणक काढायचा मोह होतो. पण असे सामने हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आठ धरले तरी १२ भागिले आठचं वर्गमूळ, म्हणजे त्रुटी सव्वाचार गुणांची. अशा डेटातून काहीही ‘सिद्ध’ करता येईल. तो सहगुणक काढलाच नाही. डेन्व्हरला यजमानपणाचा जादा फायदा दिला आणि तो विश्रांतीसोबत एकाच रिग्रेशनमध्ये मोजला, म्हणजे तिथे थकून आलेल्या पाहुण्यांचं श्रेय उंचीला जाणार नाही.

१५ सप्टेंबर

मित्रासाठी मांडलेला सामना. संघ काल्पनिक रेटिंगचे आहेत आणि आकडे हिशोब दिसावा म्हणून सोपे घेतले आहेत.

यजमान डेन्व्हर, रेटिंग अधिक ४. पाहुण्यांचं रेटिंग अधिक ३, आणि ते काल रात्री लॉस एंजेलिसला खेळून आलेत. डेन्व्हरला दोन दिवस विश्रांती. रेटिंगचा फरक १ गुण. लीगचा सर्वसाधारण यजमान-फायदा अडीच धरू, डेन्व्हरचा जादा १. इथवर साडेचार. पाहुण्यांच्या दुसऱ्या रात्रीचा शुद्ध थकवा (लहान सहगुणक) १.३. डेन्व्हरच्या जादा दिवसाचे ०.२. रात्री उशिरा उतरण्याचे ०.३. एकूण ६.३.

आता पाहुण्यांचा मुख्य खेळाडू. तो नसेल तर संघ साडेतीन गुणांनी उतरतो असं समजू, आणि सलग जोडीत तो बसण्याची शक्यता ३० टक्के. सकाळी, अहवालाआधी, ६.३ मध्ये साडेतीनचे ३० टक्के म्हणजे १.०५ मिळवले की ७.३५ येतात. भाव साडेसातच्या आसपास. हा सरासरीचा भाव आहे. तो खेळो वा न खेळो, संध्याकाळी हा आकडा बरोबर ठरणार नाही. दुपारी १ ला कळलं की तो खेळतोय, तर ६.३. बसतोय, तर ९.८.

मित्राच्या पद्धतीने केलं तर? मोठा सहगुणक, म्हणजे ज्यात सगळ्या संघांच्या सगळ्या बसवण्याची सरासरी आधीच मिसळलेली आहे तो, समजा २ गुणांचा. दुपारी खेळाडू बसल्याची बातमी आली आणि त्याचे साडेतीन वर चढवले, तर एकूण साडेदहा. म्हणजे बरोबर आकड्यापेक्षा ०.७ जास्त. तीच अनुपस्थिती दोनदा मोजली गेली.

०.७ ऐकायला किरकोळ वाटतं. पण १२ च्या प्रमाण विचलनाला मध्याजवळचा एक गुण म्हणजे सुमारे ३.३ टक्के. ०.७ म्हणजे २.३ टक्के. बुकमेकरच्या नेहमीच्या भावात १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे बरोबरीसाठी ५२.३८ टक्के वेळा जिंकावं लागतं. नाण्याच्या उडीपेक्षा २.३८ टक्के जास्त. त्यामुळे बुकमेकरची लाइन बरोबर ९.८ वर असली तरी आपलं मॉडेल ‘डेन्व्हर घ्या, जवळजवळ बरोबरी सुटतेय’ असं सांगेल. त्यात दुसरी कुठलीही बारीकशी चूक त्याच बाजूला मिळाली, की कागदावर नफा दिसू लागतो. आणि हे एकाच सामन्यात नाही, दुसऱ्या रात्री कुणी बसलेल्या प्रत्येक सामन्यात होईल, नेहमी थकलेल्या संघाच्या विरुद्ध बाजूला.

यावर तो म्हणाला, ‘‘मग खेळाडू खेळतोय म्हटल्यावर तुझा आकडा माझ्यापेक्षा ०.७ ने कमी का? तिथे तर काही दोनदा मोजलं नाही.’’ प्रश्न बरोबर आहे. तो खेळतोय हे कळल्यावर मोठ्या सहगुणकातला बसवण्याचा भाग काढून टाकायला हवा. त्याने तो तसाच ठेवला. म्हणजे खेळला तरी ०.७ जास्त, बसला तरी ०.७ जास्त. मग पटलं त्याला.

२६ सप्टेंबर

रेटिंगकडे वळलो. आजच्या सामन्याला विश्रांती लावायची आणि मागच्या ज्या सामन्यांवरून रेटिंग काढलं त्यांना लावायची नाही, हे अर्धवट काम आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला दोन संघ २२-२२ सामने खेळलेले असतात. एकाच्या वाट्याला परगावी दुसऱ्या रात्री सहा आल्या, दुसऱ्याच्या दोन. चार जादा रात्री, प्रत्येकी दीड गुण, भागिले २२: पहिल्याचं रेटिंग पाव गुणाहून थोडं जास्तच खाली दिसतं. (इथे मोठाच सहगुणक योग्य, कारण त्या रात्री कोण बसलं ते या रेटिंगमध्ये वेगळं धरलेलं नाही.) पाव गुण फार नाही. पण वेळापत्रकाचं पारडं पुढच्या महिन्यांत उलटं झुकतं. सुरुवातीला रगडले गेलेले संघ पुढे सैल वेळापत्रकात येतात आणि आपण त्यांना नेमकं तेव्हा कमी लेखतो. रेटिंगचं गणित विश्रांती वजा करून पुन्हा चालवलं.

जादा वेळेचे सामनेही इथेच नोंदवले. आदल्या रात्री दोनदा ओव्हरटाइम झाला की पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे जवळपास पूर्ण मुख्य पाचांच्याच अंगावर पडतात. उलट एकतर्फी सामन्यात ते शेवटची बारा मिनिटं बाकावर असतात. ‘विश्रांती शून्य’ या एकाच शिक्क्याखाली या दोन्ही रात्री सारख्या मोजणं पटत नाही, म्हणून मुख्य पाचांची आदल्या रात्रीची मिनिटं घेतली. परिणामाची दिशा बरोबर येते, आकार धूसर आहे, लहान वजन.

१० ऑक्टोबर

शेवटची तपासणी. इतके दिवस लक्ष्य होतं प्रत्यक्ष गुणफरक. आज तेच सगळे घटक क्लोजिंग लाइनपासूनच्या फरकावर चालवले, म्हणजे सामना सुरू होताना बाजाराने जो स्प्रेड लावला होता त्यापेक्षा निकाल किती वेगळा गेला यावर. गुणफरकावर दुसऱ्या रात्रीचा सहगुणक स्वच्छ उभा राहतो. लाइनपासूनच्या फरकावर तो शून्यापासून वेगळा ओळखू येत नाही.

हेच अपेक्षित होतं. वेळापत्रक ऑगस्टमध्येच सगळ्यांच्या हातात पडतं. कोण कुठल्या रात्री थकलेला असणार हे दोन महिने आधी ठाऊक असताना सामन्याच्या वेळेपर्यंत ते भावात शिरलेलं नसेल, असं मानणं म्हणजे समोरचा झोपलाय असं धरून चालणं. तेव्हा ‘थकलेल्या संघाविरुद्ध लावा’ हा नियम म्हणून काही कामाचा नाही. पण विश्रांती मॉडेलमधून काढून टाकली तर आपला प्रत्येक भाव या सामन्यांत दीड-दोन गुण चुकेल आणि मॉडेलला जिथे संधी नाही तिथे ती दिसेल. हा घटक नफ्यासाठी कमी आणि खोट्या सिग्नलपासून वाचण्यासाठी जास्त लागतो.

एक फट शिल्लक वाटते, ती आदल्या संध्याकाळी लागणाऱ्या पहिल्या लाइनपासून दुसऱ्या दुपारी १ च्या अहवालापर्यंत. तिथे थकवा ठाऊक असतो, बसवणं ठाऊक नसतं, आणि भावात कुणाचा ३० टक्के धरलाय की ५० टक्के हे लाइनच्या हालचालीवरून मागे जाऊन काढता येतं. यंदा प्रत्येक दुसऱ्या रात्रीच्या सामन्याचे तीन भाव जतन करणार आहे: पहिला, अहवालाच्या लगेच आधीचा आणि क्लोजिंग. खेळाडूनिहाय बसण्याची शक्यता सध्या मागच्या दोन हंगामांच्या सलग जोड्यांवरून काढली आहे, आणि कमी सामने असतील तर ती लीगच्या सरासरीकडे ओढली आहे. वय आणि जुनी दुखापत अजून त्यात नाही. ६५ सामन्यांची अट, जी २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी लागू आहे, तीही घालायची आहे: मार्चमध्ये ६५ च्या काठावर असलेला खेळाडू दुसऱ्या रात्री सहजासहजी बसणार नाही, आणि जो ती अट आधीच चुकलाय त्याला बसवायला संघ मोकळा असतो. हंगाम सुरू होईपर्यंत निदान हा मोजणीचा कॉलम तयार हवा.